सलग किती दिवस आली नाही?

एका वर्गातल्या दोन मुलींची एका महिन्याची हजेरी समोर ठेवू. महिन्यात शाळा चोवीस दिवस भरली. दोघीही पंधरा दिवस हजर आणि नऊ दिवस गैरहजर. टक्केवारी काढली तर दोघींची साडेबासष्ट. महिनाअखेरीच्या गोषवाऱ्यात दोघींच्या नावापुढे एकच आकडा पडतो आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाणाऱ्या कागदावर त्यांच्यात काही फरक राहत नाही.

आता हजेरीपत्रकाची ती ओळ वाचू. पहिली मुलगी दर बाजाराच्या दिवशी घरी राहते, मधूनच एखाद-दोन दिवस ताप येतो, पण दोन-तीन दिवसांनी ती पुन्हा वर्गात दिसते. दुसरी पहिले पंधरा दिवस न चुकता आली आणि सोळाव्या दिवसापासून महिनाअखेरपर्यंत एकदाही आली नाही. पहिलीचा अभ्यास मागे पडतो आहे. दुसरी बहुधा गावातच नाही. पहिलीसाठी पालकांशी बोलणं पुरेल, दुसरीसाठी घरी जाऊन ती कुठे गेली हे विचारायला हवं. टक्केवारी हा फरक दाखवू शकत नाही, कारण ती फक्त किती दिवस चुकले ते मोजते. ते दिवस विखुरलेले होते की एकाला एक लागून, हे तिला कळत नाही. ते कळण्यासाठी दुसरा आकडा लागतो, तो म्हणजे सर्वांत मोठी सलग गैरहजेरी.

हा आकडा कायद्याच्या व्यवहारातही आहे. शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्याच्या अंमलबजावणीसाठी केंद्राने शाळाबाह्य मुलाची जी व्याख्या केली तिचे दोन भाग आहेत. सहा ते चौदा वयाचं जे मूल कधी शाळेत दाखलच झालं नाही ते शाळाबाह्य, आणि दाखल होऊनही जे पूर्वसूचना न देता ४५ दिवस किंवा त्याहून जास्त काळ गैरहजर राहिलं तेही शाळाबाह्य. महाराष्ट्रातल्या सर्वेक्षणांत तर सतत महिनाभराच्या गैरहजेरीचा अधिक कडक निकष वापरला गेला आहे. म्हणजे पटावर नाव असलेलं मूल शाळेबाहेर पडलं असं केव्हा म्हणायचं, हे वर्षातल्या एकूण दिवसांवर ठरत नाही, सलग दिवसांवर ठरतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं दिवाळीनंतर गावातून निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. पण मूल गेलं आहे हे आधी कोणाच्या तरी लक्षात आलं, तरच या सोयींचा उपयोग.

बोट ठेवून मोजण्याची रीत

हजर-गैरहजरच्या खुणा प्रत्येक शाळेत वेगळ्या असतात. इथे हजर म्हणजे ‘ह’ आणि गैरहजर म्हणजे ‘ग’ असं धरू. समजा एका मुलाची चौदा दिवसांची ओळ अशी आहे:

ह ग ग ह ग ग ग ग ह ह ग ग ग ह

यात नऊ ‘ग’ आहेत. सर्वांत मोठी रांग कितीची, हे चौदा खुणांत नजरेनेही दिसतं. पण चाळीस मुलांच्या वर्षभराच्या खुणा आठ हजारांच्या घरात जातात आणि तिथे नजर फसते. म्हणून रीत ठरवून घ्यावी. ती अगदी साधी आहे. डोक्यात दोन आकडे धरायचे, एक चालू मोजणीचा आणि एक आतापर्यंतच्या सर्वांत मोठ्या मोजणीचा. दोन्ही शून्यापासून सुरू. डावीकडून एकेका खुणेवर बोट ठेवत जायचं. ‘ग’ आला की चालू मोजणीत एक मिळवायचा. ‘ह’ आला की चालू मोजणी पुसून शून्य करायची. आणि चालू मोजणी मोठ्या आकड्याच्या वर गेली की मोठा आकडा बदलायचा.

वरच्या ओळीवर ही रीत चालवली की चालू मोजणी अशी पडते:

० १ २ ० १ २ ३ ४ ० ० १ २ ३ ०

यातला सर्वांत मोठा आकडा चार. पाचव्या ते आठव्या दिवसापर्यंत हे मूल सलग चार दिवस आलं नाही. मागे वळून पाहावं लागलं नाही, एखादी खूण दोनदा मोजावी लागली नाही. ओळ कितीही लांब असली तरी एका फेरीत उत्तर मिळतं. संगणकाला काम सांगतानाही हीच रीत सांगायची असते.

संगणकावर

बहुतेक शाळांत आता हजेरीची एक प्रत एक्सेलमध्ये असते. पहिल्या ओळीत तारखा, दुसऱ्या स्तंभात म्हणजे `B` मध्ये नावं आणि `C` पासून पुढे रोजच्या खुणा, अशी मांडणी धरू. या पानाचं नाव ‘हजेरी’. त्याच फाइलमध्ये ‘मोजणी’ नावाचं दुसरं पान घ्यावं, त्यात तारखा आणि नावं त्याच जागी ठेवावीत आणि `C2` या चौकटीत हे सूत्र लिहावं:

```
=IF('हजेरी'!C2="ग",N(B2)+1,0)
```

सूत्राचा अर्थ वरच्या रीतीचाच आहे. हजेरीच्या पानावर त्या जागी ‘ग’ असेल तर डावीकडच्या चौकटीतल्या आकड्यात एक मिळव, नाहीतर शून्य लिही. `N` मुद्दाम घातला आहे. पहिल्या दिवसाच्या डावीकडे मुलाचं नाव असतं. नावात एक मिळवायला सांगितलं तर एक्सेल चूक दाखवतो, `N` त्या नावाला शून्य समजतो. हे सूत्र उजवीकडे आणि खाली ओढलं की प्रत्येक मुलाची रोजची चालू मोजणी तयार होते. मग ओळीच्या शेवटी एवढंच:

```
=MAX(C2:AG2)
```

`C` ते `AG` म्हणजे एकतीस चौकटी, एका महिन्याला पुरेशा.

वेगळं पान नको असेल तर एकाच चौकटीत उत्तर देणारं सूत्रही आहे. ते हजेरीच्या पानावरच लिहायचं:

```
=MAX(FREQUENCY(
 IF(C2:AG2="ग",COLUMN(C2:AG2)),
 IF(C2:AG2<>"ग",COLUMN(C2:AG2))))
```

दिसायला हे बोजड आहे, पण त्यामागची कल्पना सुरेख आहे. हजर दिवसांना शेताचे बांध समजा. दोन बांधांच्या मधल्या वाफ्यात किती ‘ग’ पडले ते `FREQUENCY` मोजतं आणि `MAX` सर्वांत भरलेला वाफा निवडतं. आपल्या चौदा खुणांच्या ओळीत बांध पहिल्या, चौथ्या, नवव्या, दहाव्या आणि चौदाव्या जागी आहेत. त्यांच्यामधले ‘ग’ मोजले की पहिल्यापर्यंत शून्य, चौथ्यापर्यंत दोन, नवव्यापर्यंत चार, दहाव्यापर्यंत शून्य, चौदाव्यापर्यंत तीन असे आकडे येतात. सर्वांत मोठा पुन्हा चारच. एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांत हे सूत्र लिहून झाल्यावर नुसतं एंटर न दाबता `Ctrl+Shift+Enter` दाबावं लागतं. ते विसरलं तर उत्तर चुकीचं येतं.

दोन्हींपैकी कोणतं वापरावं? शाळेसाठी पहिलं, म्हणजे वेगळ्या पानाचं. त्यात प्रत्येक दिवसाचा आकडा डोळ्यांसमोर असतो आणि उत्तर कुठून आलं ते कोणत्याही शिक्षकाला बोट ठेवून दाखवता येतं. एका चौकटीतलं सूत्र फक्त शेवटचा आकडा देतं. तो चुकला तर का चुकला हे समजायला मार्ग राहत नाही. शिवाय पुढे सुट्ट्यांचा जो प्रश्न येतो तो पहिल्या रीतीत एका छोट्या बदलाने सुटतो.

एकच गैरहजेरी, चार उत्तरं

सूत्र इथे संपलं, पण खरी अडचण इथून सुरू होते. समजावण्यासाठी रचलेलं एक उदाहरण नीट पाहू. कापूस वेचणीच्या दिवसांत एक मुलगी घरच्यांबरोबर दुसऱ्या गावी गेली. बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५ ला ती शाळेत होती. गुरुवार १३ नोव्हेंबरपासून आली नाही. ती परत वर्गात बसली ती गुरुवारी, ८ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात रविवार आणि २५ डिसेंबर एवढ्याच सुट्ट्या धरू. तर तिची सलग गैरहजेरी किती दिवसांची?

पहिलं उत्तर आपल्या पहिल्या सूत्राचं. रविवारच्या चौकटीत ‘ग’ नाही. ती कोरी असेल किंवा तिथे सुट्टीची खूण असेल. सूत्राला एवढंच कळतं की इथे ‘ग’ नाही, म्हणून ते मोजणी शून्यावर आणतं. सोमवार ते शनिवार सहा दिवस मोजून रविवारी पाटी कोरी. दीड महिन्याहून जास्त काळ न आलेल्या मुलीची सलग गैरहजेरी सूत्र सांगतं, सहा. आणि याच सूत्राने वर्गातल्या कोणत्याही मुलाचा आकडा सहाच्या वर कधीच जाणार नाही. हे लक्षण ओळखून ठेवावं. संपूर्ण वर्गाच्या यादीत सहा हाच कमाल आकडा दिसत असेल, तर मुलं नियमित आहेत असं समजू नये. रविवार रांग तोडतो आहे असं समजावं.

उपाय असा. सुट्टीला स्वतःची खूण द्यावी, ‘सु’ म्हणू. मग नियम तीन होतात. ‘ग’ असेल तर एक मिळव, ‘ह’ असेल तर शून्य कर, आणि दोन्ही नसेल तर कालचा आकडा तसाच पुढे ने.

```
=IF('हजेरी'!C2="ग",N(B2)+1,
 IF('हजेरी'!C2="ह",0,N(B2)))
```

आता रविवार मोजला जात नाही आणि रांग तोडतही नाही. फक्त हजेरीची खूणच मोजणी शून्यावर आणू शकते, आणि तसंच हवं. मूल परत आलं हे शाळेच्या सुट्टीवरून ठरत नाही, त्याच्या येण्यावरूनच ठरतं.

दुसरं उत्तर याच सुधारलेल्या सूत्राचं, पण महिन्याच्या पानांवर चालवलेलं. हजेरीपत्रक महिन्याचं असतं, म्हणून संगणकावरही नोव्हेंबरचं पान वेगळं, डिसेंबरचं वेगळं. नोव्हेंबरात १३ ते २९ तारखेपर्यंत दोन रविवार वगळून पंधरा दिवस. डिसेंबरात एकतीस दिवसांतून चार रविवार आणि नाताळ वजा जाता सव्वीस. जानेवारीत १ ते ७ तारखेत एक रविवार सोडून सहा. तीन पानांवर तीन आकडे येतात, पंधरा, सव्वीस आणि सहा. त्यातला सर्वांत मोठा सव्वीस. महिन्याच्या पानावर सव्वीस-सत्तावीसच्या वर आकडा जाणं जवळपास अशक्यच असतं, कारण तेवढेच दिवस शाळा भरते. म्हणजे ४५ दिवसांचा निकष महिन्याच्या पानावर कधीच ओलांडला जाणार नाही, मूल वर्षभर आलं नाही तरी.

तिसरं उत्तर महिने जोडून मिळतं. पंधरा, सव्वीस आणि सहा मिळून सत्तेचाळीस. शाळेचे सत्तेचाळीस दिवस ही मुलगी सलग आली नाही. आणि चौथं उत्तर कॅलेंडरचं. १३ नोव्हेंबर ते ७ जानेवारी, दोन्ही दिवस धरून, नोव्हेंबरचे अठरा, डिसेंबरचे एकतीस आणि जानेवारीचे सात, असे छप्पन्न.

सहा, सव्वीस, सत्तेचाळीस, छप्पन्न. मुलगी एकच, गैरहजेरी एकच. पहिली दोन उत्तरं सरळ चुकीची आहेत, कारण ती सुट्टीला किंवा महिन्याच्या शेवटाला मुलीचं परत येणं समजतात. शेवटची दोन्ही बरोबर आहेत, फक्त ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. तिचे शिकण्याचे किती दिवस बुडाले असं विचारलं तर सत्तेचाळीस. ती किती काळ शाळेच्या नजरेआड होती असं विचारलं तर छप्पन्न. म्हणून अहवालात नुसतं ‘सलग गैरहजेरी’ लिहू नये. ‘शाळेचे दिवस’ की ‘कॅलेंडरचे दिवस’ हे शेजारी लिहावं. आणि एका वर्गाचा आकडा एका रीतीने, दुसऱ्याचा दुसऱ्या रीतीने काढून त्यांची तुलना तर मुळीच करू नये.

महिने जोडण्याचा सोपा मार्ग म्हणजे वर्षाचं एकच लांब पान ठेवणं. एक्सेलच्या एका पानावर १६,३८४ स्तंभ मावतात, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस त्यात सहज बसतात. महिन्याची पानं वेगळी ठेवायचीच असतील तर नोव्हेंबरचा शेवटचा चालू आकडा डिसेंबरच्या पहिल्या चौकटीला जोडावा लागतो. तिथे एक धोका आहे. डिसेंबरात नवीन मुलाचं नाव मध्येच घुसलं की ओळी एकेक घर खाली सरकतात आणि एका मुलाची गैरहजेरी दुसऱ्याच्या नावावर चढते. म्हणून जोडणी ओळीच्या क्रमांकावर करू नये. जनरल रजिस्टरचा क्रमांक शाळेत एका मुलाला एकदाच मिळतो, त्यावरून करावी.

चूक कशी पकडायची

सर्वांत वाईट चूक न दिसणारी असते. कोणी ‘ग’ टाइप करून पुढे नकळत स्पेस दाबली, तर पडद्यावर दोन्ही ‘ग’ सारखेच दिसतात, पण एक्सेलच्या लेखी ते वेगळे. ती खूण ‘ग’ही ठरत नाही आणि ‘ह’ही. सुधारलेलं सूत्र तिला सुट्टी समजून गप्प पुढे जातं आणि एक दिवस कमी मोजला जातो. ‘ह’ पुढे अशी स्पेस पडली तर नुकसान उलट्या बाजूचं होतं. मूल आलेलं असूनही रांग तुटत नाही आणि दोन छोट्या गैरहजेऱ्या जोडून एक मोठी होते. हजेरी घ्यायची राहून गेली आणि चौकट कोरी राहिली तरी असंच घडतं.

यावर एकच तपासणी पुरते. महिन्याच्या ओळीतल्या तिन्ही खुणा मोजायच्या:

```
=COUNTIF(C2:AG2,"ग")+COUNTIF(C2:AG2,"ह")
 +COUNTIF(C2:AG2,"सु")
```

ही बेरीज महिन्याच्या दिवसांइतकीच यायला हवी, नोव्हेंबरात तीस, डिसेंबरात एकतीस. एकाने जरी कमी आली तरी कुठेतरी कोरी चौकट आहे किंवा स्पेस लपलेली आहे. ती दुरुस्त झाल्याशिवाय पुढचा आकडा वाचू नये. हे सूत्र सुट्टीला कोरी चौकट न ठेवता ‘सु’ लिहिण्याचं कारणही सांगतं. कोऱ्या चौकटीचा अर्थ एकच उरला पाहिजे, नोंद राहिली आहे.

दुसरी तपासणी हाताने करता येते. सगळ्या रांगांची बेरीज एकूण ‘ग’ इतकी भरते का ते पाहायचं. आपल्या चौदा खुणांत रांगा दोन, चार आणि तीनच्या होत्या. त्यांची बेरीज नऊ आणि एकूण ‘ग’ही नऊ. वर्गातल्या दोन-तीन मुलांवर हा ताळा जुळला की सूत्रावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

ज्या शाळांत सकाळ आणि दुपार अशी दोनदा हजेरी लागते तिथे अर्ध्या दिवसाचं काय करायचं हेही आधी ठरवावं लागतं. इथला प्रश्न मूल शाळेशी जोडलेलं आहे का, हा आहे. म्हणून अर्धा दिवस आलेल्या मुलाला हजर धरणं योग्य. ते शाळेत येऊन गेलं, म्हणजे रांग तुटली.

लांब रांग योगायोगाने येत नाही

चार-पाच दिवस सलग दांडी पडली तर काय बिघडलं, असं कोणी म्हणू शकेल. त्याचं उत्तर हिशेबाने देता येतं. समजा एखादं मूल सरासरी दहातला एक दिवस चुकवतं, आणि कोणता दिवस चुकेल हे निव्वळ नशिबावर आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळा वर्षाला किमान २०० दिवस भरायला हव्यात. तेवढ्या दिवसांत या मुलाची सलग पाच दिवसांची रांग लागण्याची शक्यता किती?

रांग सुरू व्हायला आधीचा दिवस हजेरीचा हवा, त्याची शक्यता दहात नऊ. मग पाच दिवस ओळीने गैरहजर, म्हणजे एकदशांशाला पाच वेळा गुणायचं, लाखात एक. दोनशे दिवसांत अशी सुरुवात कुठेही होऊ शकते. तिन्हींचा गुणाकार येतो ०.००१८. पाचशेहून अधिक मुलांमागे वर्षात जेमतेम एकाच्या बाबतीत हे योगायोगाने घडेल. तीन दिवसांच्या रांगेसाठी तोच हिशेब ०.१८ येतो, म्हणजे साधारण सहा मुलांमागे एक. दोन दिवसांची रांग तर बहुतेकांच्या वाट्याला एखाद-दोनदा येतेच.

प्रत्यक्षात दिवस असे सुटे नसतात. ताप आला की तो तीन दिवस राहतो, लग्नाला गेलं की आठवडा जातो. पण मुद्दा तोच आहे. एरवी नियमित असलेल्या मुलाची पाच दिवसांची रांग दिसली, तर तिच्यामागे एक कारण आहे असं धरून चालावं. ते कारण आजारपण असेल, घरातलं संकट असेल, स्थलांतर असेल किंवा शाळेतच काही घडलेलं असेल. याउलट जे मूल दहातले तीन दिवस चुकवतं, त्याच्या वर्षभरात चार दिवसांची रांग निव्वळ योगायोगानेही लागू शकते. तिथे रांगेपेक्षा एकूण गैरहजेरीच मोठा प्रश्न आहे. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत, एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

सर्वांत मोठी आणि सध्याची

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सर्वांत मोठी सलग गैरहजेरी हा मागे वळून पाहणारा आकडा आहे. मार्चमध्ये कळलं की एक मुलगी सत्तेचाळीस दिवस आली नव्हती, तर अहवाल पूर्ण होतो, मुलीला त्याचा काही उपयोग होत नाही. उपयोग होतो तो आज चालू असलेल्या रांगेचा. तो आकडा आपल्याकडे तयारच आहे. मोजणीच्या पानावर प्रत्येक ओळीच्या शेवटच्या चौकटीत चालू मोजणी असते. पुढच्या तारखा अजून कोऱ्या असल्या तरी सुधारलेलं सूत्र आजचा आकडा शेवटपर्यंत ओढत नेतं. तिथे शून्य असेल तर मूल शेवटच्या नोंदीच्या दिवशी वर्गात होतं. सात असेल तर शाळेचे सात दिवस ते दिसलेलं नाही.

वर्गाची यादी या शेवटच्या स्तंभाप्रमाणे उतरत्या क्रमाने लावली की आज कोणाच्या घरी जायचं ते वरच्या चार-पाच नावांत दिसतं. उदाहरणातली मुलगी १९ नोव्हेंबरलाच, शाळेचे सहा दिवस बुडाल्यावर, या यादीच्या वरच्या टोकाला आली असती. तेव्हा तिच्या घरच्यांना गाठून ती कोणत्या गावी आहे हे विचारता आलं असतं आणि तिथल्या शाळेत तिला बसवण्याची खटपट करता आली असती. निकषाच्या दिवसापर्यंत थांबण्यात काही अर्थ नाही. तो दिवस शाळाबाह्य ठरवण्यासाठी आहे, शोध सुरू करण्यासाठी नाही.

वर्ष संपतानाही हाच स्तंभ जपावा. एखादं मूल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून आलं नाही आणि जूनमध्येही आलं नाही, तर नव्या वर्षाच्या नव्या पानावर त्याची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाला वाटतं, दोन-चार दिवस झाले, येईल. मागच्या वर्षाचा शेवटचा आकडा नव्या पानाच्या पहिल्या चौकटीला दिला, तर असं होणार नाही.

शाळांना आणि केंद्रप्रमुखांना सांगणं एवढंच आहे. महिन्याच्या गोषवाऱ्यात टक्केवारीच्या शेजारी दोन स्तंभ वाढवा, सर्वांत मोठी सलग गैरहजेरी आणि आज चालू असलेली सलग गैरहजेरी. सुट्टीला ‘सु’ लिहा, महिने जोडा, खुणांची बेरीज तपासा. दर सोमवारी दुसरा स्तंभ वाचा आणि ज्या मुलाचा आकडा पाचाच्या वर गेला असेल, त्याच्या घरी त्याच आठवड्यात जा.